प्लॅस्टिक वस्तूतील बहुवारिकाची ओळख

प्लॅस्टिक वस्तूतील बहुवारिकाची ओळख म्हणजे एखादी प्लॅस्टिकची वस्तू कोणत्या बहुवारिकापासून बनली आहे, हे तिच्या गुणधर्मांची परीक्षा करून ठरविण्याची पद्धती. यासाठी प्रामुख्याने तीन प्रकारचे पुरावे वापरले जातात : पदार्थाची घनता, ज्योतीतील वर्तन आणि अवरक्त किरणांचे शोषण. यांपैकी पहिल्या दोन परीक्षा साध्या उपकरणांनी होतात, तर तिसरीसाठी अवरक्त वर्णपटमापक लागतो. एकट्या परीक्षेने क्वचितच निर्णायक उत्तर मिळते. प्रत्येक परीक्षा काही पर्याय बाद करते आणि तिन्हींशी जुळणारा पर्याय उरला म्हणजे ओळख पटली असे मानतात.

## गरज

अनेक वस्तूंच्या तळाशी त्रिकोणात १ ते ७ यांपैकी एक अंक छापलेला असतो. ही सांकेतिक पद्धती अमेरिकेत १९८८ साली सुरू झाली. तीत १ हा अंक पॉलिएथिलीन टेरेफ्थॅलेट म्हणजे पीईटी, २ हा अधिक घनतेचे पॉलिएथिलीन म्हणजे एचडीपीई, ३ हा पॉलिव्हिनिल क्लोराइड म्हणजे पीव्हीसी आणि ५ हा पॉलिप्रोपिलीन म्हणजे पीपी दर्शवितो. परंतु हा अंक प्रत्येक भागावर नसतो. बाटलीच्या तळावरचा अंक तिच्या झाकणाला किंवा वेष्टनाला लागू पडत नाही, आणि वस्तू तुटल्यावर किंवा तिचा चुरा झाल्यावर तो उपयोगी राहत नाही.

चुकीच्या ओळखीचे परिणाम पीईटी आणि पीव्हीसी यांच्या मिश्रणात सर्वांत स्पष्ट दिसतात. पीईटीच्या बाटल्यांचे पुनर्चक्रण करताना तिचे तुकडे सुमारे २६० ते २८० अंश सेल्सिअस तापमानाला वितळवितात. या तापमानाला पीव्हीसी टिकत नाही. त्याचे विघटन होऊन हायड्रोजन क्लोराइड वायू सुटतो आणि मागे काळपट अवशेष राहतो. हा आम्लधर्मी वायू पीईटीच्या लांब रेणुशृंखला तोडतो, यंत्राचे धातूचे भाग खातो आणि तयार माल पिवळसर करून त्यात काळे ठिपके आणतो. दहा लाख भागांत शंभर भाग इतक्या अल्प प्रमाणातील पीव्हीसीही यास पुरेसे ठरते. हे दोन्ही पदार्थ पारदर्शक व चकचकीत असल्याने डोळ्यांना सारखेच दिसतात.

## घनता

बहुवारिकाची घनता त्यातील अणूंच्या वजनावर आणि ते किती दाटीने बसले आहेत यावर अवलंबून असते. पॉलिएथिलीन व पॉलिप्रोपिलीन यांत केवळ कार्बन आणि हायड्रोजन हे हलके अणू असतात. म्हणून ही दोन्ही पाण्यावर तरंगतात. पीव्हीसीच्या वजनात सुमारे ५७ टक्के वाटा क्लोरीन या जड अणूचा असल्याने ते बुडते. पीईटीमध्ये ऑक्सिजन असतो व त्यातील बेंझीन वलये दाट रचली जातात. त्यामुळे तेही बुडते.

घनता मोजण्याची सर्वांत सोपी रीत म्हणजे माहीत असलेल्या घनतेच्या द्रवांत तुकडा टाकून तो तरंगतो की बुडतो हे पाहणे. यासाठी तीन द्रव बहुतेक वेळा पुरतात. पहिला द्रव साधे पाणी. त्याची घनता १.०० धरतात. दुसरा द्रव शुद्ध अल्कोहॉल व पाणी यांचे असे मिश्रण, की ज्यात आकारमानाने निम्मे अल्कोहॉल आहे. त्याची घनता सुमारे ०.९३ भरते. तिसरा द्रव मिठाचे संपृक्त द्रावण. १०० मिलिलिटर पाण्यात सुमारे ३६ ग्रॅम मीठ विरघळते व द्रावणाची घनता १.२० होते. येथील सर्व आकडे ग्रॅम प्रति घन सेंटिमीटर या एककात आहेत.

अधिक अचूक मापन आर्किमिडीजच्या तत्त्वाने करतात. तुकडा प्रथम हवेत तोलतात व नंतर बारीक तारेला टांगून पाण्यात पूर्ण बुडवून तोलतात. दोन्ही वजनांतील फरक म्हणजे तुकड्याने सारलेल्या पाण्याचे वजन होय. हवेतील वजनाला या फरकाने भागून पाण्याच्या घनतेने गुणले की तुकड्याची घनता मिळते.

या परीक्षेत तीन ठिकाणी चूक होऊ शकते. प्लॅस्टिकचा पृष्ठभाग पाण्याने सहज भिजत नाही, त्यामुळे त्याला हवेचे बुडबुडे चिकटतात आणि बुडणारा तुकडाही तरंगतो. पातळ पापुद्रा तर केवळ पृष्ठताणामुळे वर राहतो. यावर उपाय म्हणजे द्रवात भांडी घासण्याच्या साबणाचा एक थेंब घालणे व तुकडा चिमट्याने खाली दाबून सोडणे. दुसरी चूक पोकळ किंवा फेसाळ वस्तूंत होते. घन पॉलिस्टायरीन पाण्यात बुडते, पण त्याचाच थर्माकोल हवेच्या असंख्य पोकळ्यांमुळे तरंगतो. अशा वेळी नमुना वितळवून वा दाबून पोकळ्या घालवाव्या लागतात. तिसरी चूक भरणद्रव्यांमुळे होते. वजनाने २० टक्के शंखजिरे मिसळलेल्या पॉलिप्रोपिलीनची घनता सुमारे १.०५ होते व ते पाण्यात बुडते, म्हणून ते पॉलिस्टायरीन असल्याचा भास होतो.

## ज्योतीतील वर्तन

या परीक्षेसाठी काडीएवढी पट्टी चिमट्यात धरून स्पिरिटच्या दिव्याच्या ज्योतीत तिचे टोक धरतात. खाली पाण्याचे भांडे ठेवतात, कारण वितळलेले थेंब जळत पडतात व त्वचेला चिकटून खोल भाजतात. घनता पाहिलेला तुकडा आधी धुऊन पूर्ण सुकवितात आणि अल्कोहॉलचे भांडे दूर ठेवतात. ज्वलनातून विषारी वायू निघू शकतात. त्यामुळे प्रयोगशाळेत ही परीक्षा धूर ओढून घेणाऱ्या कपाटात केली जाते.

निरीक्षण ठरावीक क्रमाने करतात. पट्टी वितळते की न वितळताच करपते, ज्योतीतून बाहेर काढल्यावर जळत राहते की विझते, ज्योतीचा रंग कोणता, काजळी किती आणि थेंब गळतात की नाही, हे पाहिले जाते. शेवटी विझलेल्या टोकाचा धूर हाताने किंचित आपल्याकडे वारून वास घेतात. नाक धुरावर नेत नाहीत. भंगार वेगळे करणारे अनुभवी कारागीर प्लॅस्टिकची जात वासावरून सांगतात ते याच लक्षणाच्या आधारे. मात्र रोजच्या अशा सवयीत पीव्हीसीचा दाहक धूर श्वसनमार्गात जातो.

पॉलिएथिलीन व पॉलिप्रोपिलीन यांची ज्योत तळाशी निळी व टोकाशी पिवळी असते. ती संथपणे जळत राहतात, थेंब गळतात आणि विझल्यावर मेणबत्तीसारखा वास येतो. पॉलिस्टायरीनची ज्योत पिवळी असते व तिच्यातून काजळीचे तंतू हवेत तरंगतात. पीईटी वितळून पिवळ्या, धुरकट ज्योतीने जळते. नायलॉनला केस जळल्यासारखा वास येतो. प्लास्टिसायझर नसलेले कडक पीव्हीसी ज्योतीबाहेर काढताच विझते आणि झोंबणारा धूर सोडते.

### तांब्याच्या तारेची परीक्षा

क्लोरीनचे अस्तित्व दाखविणारी ही परीक्षा रसायनशास्त्रज्ञ फ्रीड्रिख कोनराड बाइलश्टाइन यांच्या नावाने ओळखली जाते. तांब्याची तार ज्योतीत रंग दिसेनासा होईपर्यंत तापवितात, तापलेले टोक नमुन्यावर टेकवितात आणि तार पुन्हा ज्योतीत धरतात. नमुन्यात क्लोरीन असेल तर तांब्याचे बाष्पनशील क्लोराइड तयार होऊन ज्योत हिरवी होते.

ओलसर निळा लिटमस कागद धुरात धरण्याची रीतही सांगितली जाते, पण पीईटी व पीव्हीसी वेगळे करण्यास ती कुचकामी आहे. पीव्हीसीच्या धुराप्रमाणेच तापविलेल्या पीईटीचा धूरही आम्लधर्मी असतो आणि दोन्ही कागद लाल करतात. तारेची परीक्षा मात्र आम्लता नव्हे तर हॅलोजन दाखविते, म्हणून येथे तिला महत्त्व आहे.

ती अत्यंत संवेदनशील असणे हाच तिचा दोषही ठरतो. मिठाच्या द्रावणातून काढलेला तुकडा नीट धुतला नसेल किंवा नमुन्यावर पीव्हीसीच्या लेबलाचा अंश उरला असेल, तर हिरव्या छटेची शंका येते. ब्रोमीनयुक्त ज्वालारोधक मिसळलेले इतर प्लॅस्टिकही ज्योत हिरवी करते. उलट, टेफ्लॉनमध्ये फ्लोरीन असूनही ज्योत हिरवी होत नाही, कारण तांब्याचे फ्लोराइड बाष्पनशील नसते.

## अवरक्त शोषण पट्टे

रेणूतील बंध हे स्प्रिंगप्रमाणे कंप पावतात. प्रत्येक बंधाची स्वतःची कंपनसंख्या असते आणि तिच्याशी जुळणारे अवरक्त किरण तो शोषून घेतो. बंध जितका ताठ व अणू जितके हलके, तितकी कंपनसंख्या अधिक. म्हणून कार्बन-हायड्रोजन बंधाचे पट्टे तरंगसंख्येच्या मापपट्टीवर २९०० सेंमी⁻¹ च्या आसपास, कार्बन-ऑक्सिजन द्विबंधाचा पट्टा १७०० च्या आसपास, तर जड क्लोरीनच्या बंधाचे पट्टे ७०० ते ६०० या दरम्यान आढळतात.

आधुनिक वर्णपटमापकात नमुना हिऱ्याच्या लहान स्फटिकावर दाबून धरतात. किरण स्फटिकाच्या आतून परावर्तित होताना नमुन्यात अगदी थोडे शिरतात व ४००० ते ४०० सेंमी⁻¹ या पट्ट्यातील शोषण नोंदले जाते. यासाठी नमुना वितळविण्याची वा विरघळविण्याची गरज नसते. मात्र ही परीक्षा एक-दोन मायक्रोमीटर खोलीपर्यंतचाच थर पाहते, हे लक्षात ठेवावे लागते. वरचा थर शाई, तेल किंवा वेगळ्या बहुवारिकाचा असेल, तर वर्णपट त्याचाच मिळतो. त्यामुळे नमुना पुसून स्वच्छ करतात, दोन्ही बाजूंचे वर्णपट घेतात आणि शक्य असल्यास ताजा काप देऊन आतला भागही तपासतात.

पुढील तक्त्यात नित्य आढळणाऱ्या पाच बहुवारिकांची लक्षणे दिली आहेत. भरणद्रव्य नसलेल्या मालाची घनता गृहीत धरली आहे.

| बहुवारिक | घनता | ज्योतीतील लक्षण | प्रमुख पट्टे, सेंमी⁻¹ |
|---|---|---|---|
| पीपी | ०.९०–०.९१ | मेणाचा वास, थेंब गळतात | २९५०, १४५५, १३७६, ११६६, ९९७, ९७२ |
| एचडीपीई | ०.९४–०.९७ | मेणाचा वास, थेंब गळतात | २९१५, २८४८, १४७० जवळ, ७३०–७२० ची जोडी |
| पॉलिस्टायरीन | १.०४–१.०६ | दाट काजळी | ३०२५, १६००, १४९३, १४५२, ७५५, ६९७ |
| पीईटी | १.३३–१.४० | पिवळी धुरकट ज्योत | १७१५, १२४५, १०९५, ७२५ |
| कडक पीव्हीसी | १.३३–१.४२ | विझते. तारेवर हिरवी ज्योत | १४२७, १३३०, १२५५, ९६०, ६९०–६१० |

वर्णपट वाचताना एकाच पट्ट्यावर विसंबून राहत नाहीत. पीईटी व पीव्हीसी या दोन्हींत १२५० च्या जवळ पट्टा असतो, परंतु पीईटीचा तो एस्टर गटामुळे येतो व त्यासोबत १७१५ चा तीव्र पट्टा असावाच लागतो. संशयित बहुवारिकाचा एखादा प्रमुख पट्टा गैरहजर असेल, तर ती शक्यता बाद होते. एखादा पट्टा जास्तीचा असेल, तर मिश्रद्रव्याचा शोध घेतात.

मऊ पीव्हीसी हे याचे ठळक उदाहरण आहे. त्यातील थॅलेट वर्गाचे प्लास्टिसायझर एस्टर असल्यामुळे १७२० च्या आसपास तीव्र पट्टा दिसतो आणि घाईत ते पॉलिएस्टर वाटते. १६०० व १५८० येथील लहान जोडी थॅलेटकडे, तर ७०० ते ६०० मधील पट्टे पीव्हीसीकडे निर्देश करतात. संगणकातील संग्रहाशी वर्णपट ताडून पाहताना सर्वाधिक गुण मिळविणारे नाव हे अंतिम उत्तर नसते. प्रत्येक प्रमुख पट्ट्याचे स्पष्टीकरण मिळाले पाहिजे. काजळी मिसळलेले काळे प्लॅस्टिक अवरक्त किरण सर्वत्रच शोषते, त्यामुळे त्याचा वर्णपट तिरका व अस्पष्ट येतो.

## उदाहरण : एका बाटलीचे तीन भाग

शीतपेयाच्या पारदर्शक बाटलीत काया, झाकण आणि तिच्यावर घट्ट बसविलेले छापील वेष्टन असे तीन भाग असतात. तिन्हींचे तुकडे स्वतंत्रपणे तपासावे लागतात.

झाकणाचा तुकडा पाण्यावर तरंगतो, म्हणून तो पॉलिएथिलीन किंवा पॉलिप्रोपिलीन असावा. निम्मे अल्कोहॉल असलेल्या मिश्रणात तो बुडतो. पॉलिप्रोपिलीन तेथे तरंगले असते, म्हणून घनता एचडीपीईकडे बोट दाखविते. ज्योतीत मेणाचा वास येतो, पण हे लक्षण दोघांचेही असल्याने त्यातून अधिक कळत नाही. वर्णपटात ७३०–७२० ची जोडी दिसते आणि पॉलिप्रोपिलीनमध्ये तीव्र असणारा १३७६ चा पट्टा नसतो. झाकण एचडीपीईचे ठरते.

कायेचा तुकडा हवेत २.००० ग्रॅम व पाण्यात ०.५५२ ग्रॅम भरला, असे समजू. फरक १.४४८ ग्रॅम आहे. २.००० ला १.४४८ ने भागून पाण्याच्या ०.९९७ या घनतेने गुणल्यास १.३८ हे उत्तर येते. ही घनता पीईटी व पीव्हीसी या दोघांच्याही मर्यादेत बसते, त्यामुळे मापन कितीही अचूक केले तरी येथे घनतेने निर्णय होत नाही. ज्योतीबाहेर तुकडा जळत राहतो आणि तांब्याच्या तारेवर हिरवी छटा उमटत नाही. पीव्हीसी बाद होते. १७१५, १२४५, १०९५ व ७२५ हे पट्टे पीईटीची खात्री करतात.

वेष्टन पाण्यात आणि मिठाच्या संपृक्त द्रावणातही बुडते, म्हणून ते पॉलिस्टायरीनचे नाही. आता दोन शक्यता उरतात : पीव्हीसी, किंवा पीईटीचेच एक बदललेले रूप असलेले पीईटीजी. तुकड्यावरची शाई पुसून व तो स्वच्छ धुऊन केलेल्या तारेच्या परीक्षेत ज्योत ठळक हिरवी होते. छपाई नसलेल्या बाजूच्या वर्णपटात १७१५ चा पट्टा नसून १४२७, १२५५ आणि ६९०–६१० येथे पट्टे आढळतात. वेष्टन पीव्हीसीचे आहे.

वेष्टन पीईटीजीचे असते, तर अडचण वेगळी झाली असती. पीईटी व पीईटीजी यांचे अवरक्त वर्णपट इतके सारखे असतात की संग्रहाशी ताडून पाहताना एकाच्या जागी दुसऱ्याचे नाव येऊ शकते. तेथे घनता मदतीला येते, कारण पीईटीजीची घनता सुमारे १.२७, तर बाटलीच्या पीईटीची १.३८ असते. कायेच्या बाबतीत जी परीक्षा निरुपयोगी ठरली, तीच येथे निर्णायक ठरते.

या निष्कर्षाचा व्यवहारातील अर्थ असा, की बाटल्यांचा चुरा पाण्याच्या टाकीत सोडला असता झाकणाचे तुकडे वर येऊन सहज वेगळे होतात, पण पीव्हीसीच्या वेष्टनाचे तुकडे पीईटीबरोबर तळाशी जातात. टाकीतील प्रक्रिया कितीही वेळा केली तरी ते निघत नाहीत. म्हणून असे वेष्टन चुरा करण्यापूर्वीच काढून टाकावे लागते.

## मर्यादा

या तीन परीक्षांनी बहुवारिकाचे कुळ ओळखता येते, पण प्रत्येक वेळी नेमकी जात ठरत नाही. नायलॉन ६ व नायलॉन ६६ यांची घनता, ज्वलन आणि अवरक्त पट्टे जवळजवळ सारखेच असतात. त्यांचा निवाडा वितळणबिंदूने होतो. पहिल्याचा तो सुमारे २२० व दुसऱ्याचा सुमारे २६० अंश सेल्सिअस असतो. अनेक थरांच्या पिशव्या व मिश्र बहुवारिके यांतही एकच नाव देणे चुकीचे ठरते.

दोन परीक्षांचे निष्कर्ष विसंगत आले, तर बहुमताने निर्णय घेत नाहीत. विसंगतीचे कारण शोधतात. तुकडा पाण्यात बुडतो पण त्याला मेणाचा वास येतो, अशी स्थिती असेल तर भरणद्रव्याचा संशय घेतात. ज्वलनानंतर उरलेली पांढरी राख आणि वर्णपटातील शंखजिऱ्याचा १०१५ जवळचा रुंद पट्टा किंवा चुनखडीचे १४२० व ८७५ जवळचे पट्टे हा संशय पक्का करतात. वर्णपट एक सांगतो व तार दुसरेच, तर पृष्ठभागावर वेगळा थर आहे काय हे ताजा काप देऊन पाहतात.